विश्लेषण : अ‍ॅपने फोटो ‘सुधारला’, पण बोटे बिघडली… ती पुन्हा नीट कशी करायची?

घरातल्या जुन्या फोटोंना मोबाइल अ‍ॅपमध्ये एका क्लिकवर नवे रूप देण्याचे प्रमाण वाढले आहे. आजी-आजोबांचा धूसर चेहरा काही सेकंदांत लख्ख होतो आणि घरातले सगळे खूश होतात. फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवला, की मग लक्षात येते की मांडीवरच्या हाताला एक बोट जास्त आहे, बांगड्या एकमेकींत वितळल्या आहेत आणि कपाळावरचे गोंदण गायब आहे. हा बिघाड का होतो, तो कसा ओळखायचा आणि चेहऱ्याची सफाई कायम ठेवून हात पुन्हा पूर्ववत कसा करायचा, याविषयी…

नेमका बिघाड कसा दिसतो?

नेहमी आढळणारे एक उदाहरण घेऊ. साठच्या दशकात स्टुडिओत काढलेला पोस्टकार्ड आकाराचा कृष्णधवल फोटो. नऊवारी नेसलेली बाई लाकडी खुर्चीत बसली आहे. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आहे. त्याची चार बोटे समोर दिसतात आणि अंगठा दांडीच्या मागे गेला आहे. डावा हात मांडीवर आहे. नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या आणि कपाळावर लहानसे गोंदण.

हा फोटो अ‍ॅपमधून बाहेर येतो, तेव्हा चेहरा कालच काढल्यासारखा दिसतो. मात्र दांडीवर आता चारऐवजी पाच बोटे आहेत आणि सगळी जवळपास सारख्याच लांबीची. मांडीवरच्या हाताची दोन बोटे एकमेकांना चिकटली आहेत. बांगड्यांच्या जागी मनगटाभोवती एक जाड चकचकीत पट्टा आला आहे. नथीचे मोती नाकपुडीत मिसळून पांढरा ठिपका झाला आहे. कपाळ मात्र स्वच्छ, कारण अ‍ॅपने गोंदण हा फोटोवरचा डाग समजून पुसून टाकला आहे.

चेहरा चांगला, मग हातच का बिघडतो?

अशी अ‍ॅप हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत. तो फोटोत उरलेलाच नसतो. अशा जागी ‘साधारण काय असावे’ याचा अंदाज बांधून ती नवे चित्र भरतात. चेहऱ्याच्या बाबतीत हा अंदाज बहुतेकदा पटण्याजोगा असतो, कारण त्यासाठी वेगळी तयारी केलेली असते. जीएफपीगॅन (२०२१) आणि कोडफॉर्मर (२०२२) ही चेहरा सुधारणारी दोन प्रसिद्ध मॉडेल. अशी मॉडेल वापरताना आधी फोटोतला चेहरा शोधला जातो, तो कापून सरळ केला जातो, ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलच्या चौकटीत बसवला जातो, नव्याने रंगवला जातो आणि परत जागेवर चिकटवला जातो. हे शिकण्यासाठी वापरलेल्या संचात ७० हजार चेहरे होते. दोन डोळे, मध्ये नाक, खाली तोंड ही चेहऱ्याची मांडणी ठरलेली असल्याने मॉडेल सहसा चुकत नाही.

हाताला अशी ठरलेली मांडणी नाही. तो मिटलेला, उघडा, अर्धा झाकलेला, पदर धरलेला किंवा दुसऱ्या हातात गुंफलेला असू शकतो. शिवाय चेहऱ्यासारखे कापून, सरळ करून पाहण्याचे भाग्य हाताला सहसा मिळत नाही. चेहरा सोडून उरलेल्या फोटोवर सर्वसाधारण मोठे करण्याची प्रक्रिया चालते. तिला कडा आणि पोत कळतो, पण बोटे किती असावीत हे कळत नाही. काही नवी अ‍ॅप तर संपूर्ण फोटोच नव्याने रंगवतात. त्यांत हात अधिक रेखीव दिसतो, पण तो त्या माणसाचा हात राहत नाही.

दुसरे कारण आकाराचे आहे. वरचा पोस्टकार्ड फोटो साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरचा आहे. त्यात माणूस प्रत्यक्षाच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढा दिसत असेल, तर दीड सेंटिमीटर रुंद बोट कागदावर सव्वा मिलिमीटरच भरते. हा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर बोटाची रुंदी सुमारे ३० पिक्सेल येते. तोच फोटो मेसेजवरून येता येता निम्म्या आकाराचा झाला, तर उरतात १५. दोन बोटांमधली फट मग दोन-तीन पिक्सेलची. जेपेग पद्धतीत फोटो ८ गुणिले ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांमध्ये दाबला जातो. म्हणजे बोटाची अख्खी रुंदी दोन ठोकळ्यांतही मावते. फट पुसट होते आणि ठोकळ्याची कडा मात्र ठळक होते. अ‍ॅपला ती कडा बोटाची वाटली, तर ते तिथे आणखी एक बोट काढून देते.

केवळ बोटे मोजून चूक कळते का?

नाही. उदाहरणातल्या फोटोत हीच फसगत होते. दांडीवरची बोटे मोजली तर पाच भरतात आणि पाहणारा ‘बरोबर आहे’ म्हणून पुढे जातो. मुळात तिथे चारच बोटे दिसत होती आणि अंगठा मागे होता. अ‍ॅपने पाचवे बोट दिले, पण अंगठा दिला नाही. उलट एखाद्या फोटोत तीनच बोटे दिसत असतील आणि उरलेली पदराआड असतील, तर तिथे काहीच चुकलेले नसते. काही माणसांना जन्मतःच सहा बोटे असतात किंवा एखादे बोट अपघातात गेलेले असते, तेही विसरता येत नाही. त्यामुळे ‘हाताला किती बोटे असतात’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. मूळ फोटोत काय दिसत होते, ते पाहायचे.

ही तुलना डोळ्यांनी करण्यापेक्षा सोपी युक्ती आहे. लेयरची सोय असलेल्या कोणत्याही संपादन अ‍ॅपमध्ये, म्हणजे जिथे एका फोटोवर दुसरा फोटो पारदर्शक कागदासारखा ठेवता येतो तिथे, खाली मूळ फोटो आणि वर सुधारित फोटो ठेवावा. मग वरच्या लेयरचा प्रकार `Difference` असा निवडावा. दोन्ही फोटो जिथे सारखे असतील तो भाग काळा दिसतो आणि जिथे फरक असेल तो उजळतो. धूसरपणा गेल्यामुळे बारीक रेषा सगळीकडेच थोड्या उजळ दिसतील, त्याकडे लक्ष देऊ नये. मूळ फोटोवरचे खरे ओरखडे पुसले गेले असतील, तर तेही उजळतील. मात्र बोटांच्या जागी ठसठशीत पट्टे किंवा कपाळाच्या मध्यावर गोंदणाच्या आकाराचा ठिपका उजळला, तर अ‍ॅपने तिथे सफाई केलेली नाही, बदल केला आहे. अ‍ॅपने कुठे कुठे हात घातला, त्याचा हा नकाशाच असतो.

दुरुस्तीची सुरुवात कुठून करावी?

बिघडलेल्या फोटोपासून नाही, तर मूळ फोटोपासून. बऱ्याचदा अ‍ॅपला दिलेला फोटोच नातेवाइकांच्या ग्रुपमधून फिरून आलेला असतो. अल्बममधला कागदी फोटो उपलब्ध असेल, तर तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरवर हे होते. फक्त आकडा सांगावा लागतो, नाही तर कागदपत्रांसाठीच्या कमी रिझोल्युशनवर स्कॅन होतो. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि मोबाइल फोटोला अगदी समांतर धरून टिपावा. मोबाइल तिरका धरला तर पुढे दोन लेयर जुळत नाहीत. फाइल मेसेजवरून पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जात नाही.

या नव्या स्कॅनवर अ‍ॅप पुन्हा चालवले तरी निम्मे बिघाड आपोआप कमी होऊ शकतात, कारण बोटांमधल्या फटी आता अ‍ॅपला दिसतात. अ‍ॅपमध्ये तीव्रता कमी-जास्त करण्याची पट्टी असेल, तर ती खालच्या बाजूला ठेवावी. कोडफॉर्मरमध्ये यासाठी शून्य ते एक असा आकडा असतो. शून्याकडे गेले की चेहरा अधिक गुळगुळीत आणि आकर्षक होतो, एककडे गेले की तो मूळ माणसाशी अधिक प्रामाणिक राहतो. बहुतेक अ‍ॅपमध्ये हा आकडा समोर दिसत नाही, पण निवड याच दोन टोकांमधली असते.

मूळ हात परत कसा आणायचा?

बिघडलेले बोट पुसत, खेचत, रंगवत बसण्यापेक्षा मूळ फोटोतला हात जसाच्या तसा परत आणणे सोपे असते आणि खरेही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी, संगणकावरचे गिंप किंवा लेयर असलेले कोणतेही चित्रकलेचे अ‍ॅप यासाठी चालते. काम चार टप्प्यांत होते.

पहिला टप्पा आकार जुळवण्याचा. अ‍ॅप बहुतेकदा फोटो दुप्पट किंवा चौपट मोठा करून देते. मूळ फोटो ताणून मोठा करण्याऐवजी सुधारित फोटो मूळ मापात आणावा. उदाहरणातला ६०० डीपीआयचा स्कॅन सुमारे २१२५ गुणिले ३३०७ पिक्सेलचा असेल. तो छपाईला नेहमी वापरल्या जाणाऱ्या ३०० डीपीआयवर १८ बाय २८ सेंटिमीटरपर्यंत छापता येतो. भिंतीवरच्या नेहमीच्या फ्रेमसाठी हे पुरेसे आहे. आकार मर्यादित ठेवला की मोबाइलही अडखळत नाही.

दुसरा टप्पा जागा जुळवण्याचा. खाली मूळ आणि वर सुधारित फोटो ठेवून वरच्या लेयरची `Opacity` म्हणजे अपारदर्शकता ५० टक्के करावी. खुर्चीच्या दांडीची कड, पदराचा काठ, कानाची पाळी अशा ठळक जागा मोठ्या करून पाहाव्यात. दुहेरी दिसत असतील तर वरचा लेयर हळूहळू सरकवावा. काही अ‍ॅप कडेचा थोडा भाग कापतात. तसे झाले असेल तर एक कोपरा जुळला तरी दुसरा जुळत नाही आणि आकार किंचित कमी-जास्त करावा लागतो. जुळणी झाली की अपारदर्शकता पुन्हा १०० टक्के करावी.

तिसरा टप्पा मास्कचा. मास्क म्हणजे वरच्या लेयरवर घातलेली अशी जाळी, जिच्यावर काळा रंग लावला की त्या जागी वरचा फोटो लपतो आणि खालचा दिसतो. पांढरा रंग लावला की वरचा परत येतो. सुधारित लेयरला मास्क जोडून, मऊ कडेचा ब्रश घेऊन, हातावर काळा रंग फिरवावा. बोट ३० पिक्सेल रुंद असेल तर २० ते २५ पिक्सेलचा ब्रश योग्य. अ‍ॅपमध्ये मास्क नसेल तर वरच्या लेयरचा तेवढा भाग मऊ खोडरबराने खोडला तरी परिणाम तोच. फक्त खोडलेले परत आणता येत नाही, म्हणून आधी लेयरची एक प्रत करून ठेवावी.

चौथा टप्पा सीमा ठरवण्याचा आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एकच बिघडलेले बोट बदलायचा मोह होतो. मग एका बोटाची त्वचा गुळगुळीत आणि शेजारच्या बोटाची दाणेदार अशी गंमत होते. त्यामुळे बदलायचा तर मनगटापर्यंतचा संपूर्ण हात बदलावा. जोड मोकळ्या त्वचेवर येऊ देऊ नये. बांगड्यांची कड, चोळीच्या बाहीची कड, खुर्चीच्या दांडीची रेषा अशा नैसर्गिक रेषेवर तो आणावा. तिथे आधीच दोन वस्तू वेगळ्या होत असल्याने जोड डोळ्यांना खटकत नाही. उदाहरणातल्या फोटोत बांगड्याही बिघडल्या आहेत. म्हणून त्यांच्यासह हात परत आणून जोड बाहीच्या कडेवर नेणे उत्तम.

मग चेहरा लख्ख आणि हात धूसर दिसणार नाही का?

दिसतो. दुरुस्ती केलेला फोटो अनेकदा इथेच फसतो. चेहरा नव्या कॅमेऱ्याचा आणि हात जुन्या फोटोचा वाटतो. अशा वेळी हात अधिक लख्ख करण्याकडे कल जातो, पण उपाय उलटा आहे. चेहरा थोडा मागे आणावा.

त्यासाठी सुधारित लेयरची अपारदर्शकता ६० ते ७० टक्क्यांवर आणावी. खालच्या मूळ फोटोचे दाणे, त्वचेचा पोत, डोळ्यांखालच्या सुरकुत्या चेहऱ्यातून पुन्हा दिसू लागतात. मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीतपणा यानेच सर्वाधिक कमी होतो. मात्र लेयर नीट जुळलेले नसतील तर याच वेळी पापण्या किंवा ओठ दुहेरी दिसतात. तसे झाले तर दुसऱ्या टप्प्यावर परत जावे.

शेवटी दोन्ही लेयर एकत्र करून संपूर्ण फोटोवर हलके दाणे घालावेत. फोटोपीमध्ये ही सोय `Filter` या यादीत `Noise` खाली `Add Noise` नावाने आहे. २ ते ३ टक्के पुरेसे होते आणि कृष्णधवल फोटोसाठी एकरंगी दाण्यांचा पर्याय निवडावा, नाही तर रंगीत ठिपके येतात. एकच पोत सगळीकडे पसरला की हात आणि चेहरा एकाच फोटोतले वाटू लागतात.

नथ, मंगळसूत्र, गोंदण यांचे काय?

त्यांची दुरुस्ती त्याच मास्कने, पण लहान ब्रशने करावी. नथीच्या आणि गोंदणाच्या जागी फक्त मूळ फोटो परत आणावा. मंगळसूत्राचे काळे मणी अ‍ॅप बहुतेकदा जोडून सलग दोरी करून टाकते. तिथेही मूळ फोटोतले थोडे धूसर मणी अधिक खरे दिसतात. अ‍ॅपमध्ये ओरखडे काढण्याची वेगळी सोय असेल, तर ती चेहऱ्यावर वापरण्याआधी तीळ, व्रण आणि गोंदण कुठे आहे ते पाहून घ्यावे. अ‍ॅपसाठी गडद ठिपका आणि कागदावरचा डाग यांत फरक नसतो.

हा तपशील किरकोळ नाही. मॉडेल ज्या चेहऱ्यांवरून शिकते, त्यांत जे वारंवार दिसते तेच त्याला ‘नेहमीचे’ वाटते. वर उल्लेख केलेला ७० हजार चेहऱ्यांचा संच फ्लिकर या संकेतस्थळावरच्या फोटोंतून तयार झाला. त्यात कपाळावर गोंदण आणि नाकात नथ असलेल्या जुन्या पिढीतल्या स्त्रिया फारच कमी असणार, हे उघड आहे. याचे गाजलेले उदाहरण २०२० मधले. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामा यांचा अतिशय धूसर केलेला फोटो दिला गेला, तेव्हा तिने एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा तयार केला. चेहरा स्पष्ट होता, पण माणूस दुसराच होता. घरातल्या फोटोत बदल इतका ढोबळ नसतो. नाक किंचित सरळ होते, पापणी किंचित उघडते, गालफड भरते. ज्यांनी त्या माणसाला पाहिलेले नाही अशा पुढच्या पिढीसाठी हाच फोटो त्याची ओळख बनतो. म्हणून त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्या घरातल्या एखाद्या ज्येष्ठाला मूळ आणि सुधारित दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवणे, ही कोणत्याही अ‍ॅपपेक्षा भरवशाची तपासणी आहे.

मूळ फोटो हाती नसेल तर?

कधी कधी सुधारित फोटोच उरलेला असतो. तेव्हा हाताने दुरुस्ती करावी लागते. तिची मर्यादा आधीच मान्य करावी. जास्तीचे बोट काढता येते, पण खऱ्या बोटांचा आकार परत मिळत नाही.

जास्तीचे बोट काढताना डाग पुसण्याचे `Heal` साधन सरसकट वापरले, तर चिखल होतो. हे साधन आजूबाजूचे रंग मिसळते. बोटाच्या कडेवर एका बाजूला त्वचा आणि दुसऱ्या बाजूला कापड असते, त्यामुळे दोन्हींचे मिश्रण होऊन राखाडी डाग पडतो. कडेजवळ `Clone` म्हणजे एका जागेची हुबेहूब नक्कल दुसरीकडे उमटवणारे साधन वापरावे. शक्यतो कडेचे बोट काढावे, मधले नको. मधले काढले तर उरलेली बोटे सरकवून जागा भरावी लागते. कडेच्या बोटावर शेजारचे लाकूड किंवा साडी उमटवत बोटाच्या मुळापर्यंत यावे. तिथे उरलेला उंचवटाही सपाट करावा, नाही तर कापलेल्या बोटासारखे दिसते.

चिकटलेली बोटे वेगळी करणे त्यापेक्षा सोपे आहे. दुसऱ्या दोन बोटांमधल्या खऱ्या फटीतून गडद रंग उचलावा. दोन ते तीन पिक्सेलच्या मऊ ब्रशने, ३० टक्के अपारदर्शकतेवर, बोटांच्या टोकाकडून मुळाकडे एक रेषा ओढावी. मुळाशी ती फिकी होत जावी. एकदाच ठळक रेषा ओढण्यापेक्षा दोन-तीन हलक्या रेषा ओढल्या की ती शाईची रेघ न वाटता सावली वाटते.

एवढे करूनही हात पटत नसेल, तर फोटो छातीपर्यंत कापणे हा मार्ग आहे. देवघराजवळच्या किंवा दिवाणखान्यातल्या फ्रेमसाठी अनेकदा तेवढाच भाग वापरला जातो.

एआयलाच नवा हात काढायला सांगितले तर?

अनेक अ‍ॅपमध्ये फोटोचा भाग निवडून तो नव्याने तयार करून घेण्याची सोय आता आहे. तिने बोटांची संख्या सुधारते, हे खरे. पण मिळणारा हात कोणाचा तरी असतो. दर वेळी बटण दाबले की वेगळा हात येतो, यावरूनच ते लक्षात यावे. शेतात राबलेल्या बाईच्या जाड पेरांच्या जागी निमुळती, तुकतुकीत बोटे येतात. बांगड्यांची संख्या बदलते, अंगठी येते किंवा जाते.

मूळ फोटोत हात पूर्ण फाटलेला किंवा बुरशीने खाल्लेला असेल आणि दुसरा काहीच मार्ग नसेल, तरच ही सोय वापरावी. तेव्हा निवड मनगटासह करावी, म्हणजे हाताची दिशा आणि जाडी यांचा आधार मिळतो. निवड फक्त बोटापुरती केली तर ते भलत्याच कोनात वळण्याची शक्यता वाढते. मूळ फोटोतला हात हलल्यामुळे धूसर असेल, तर तो तसाच ठेवणे उत्तम. जुन्या फोटोत थोडा हललेला हात पाहणाऱ्याला खटकत नाही, वितळलेली बोटे मात्र लगेच खटकतात. पासपोर्टसारख्या ओळखीच्या कागदपत्रांसाठी मात्र अ‍ॅपने बदललेला किंवा नंतर दुरुस्त केलेला फोटो वापरूच नये.

छापण्यापूर्वी काय तपासावे?

मोबाइलच्या पडद्यावर अख्खा फोटो बसवून पाहिला तर बिघाड दिसत नाहीत, कारण तिथे बोट काही ठिपक्यांएवढेच असते. फोटो पूर्ण आकारात मोठा करून एका ठरलेल्या क्रमाने फिरावे. आधी दोन्ही हात, मग बांगड्या आणि दागिने, मग कान आणि दोन्ही कानांतले दागिने सारखे आहेत का, चष्मा असेल तर त्याच्या काड्या कानापर्यंत पोहोचतात का, दात दिसत असतील तर ते सलग पांढरा पट्टा झाले नाहीत ना, आणि शेवटी पदराचा काठ. फोटोत पाटी, बिल्ला किंवा स्टुडिओचे नाव असेल तर ती अक्षरे जरूर वाचावीत. अशी अ‍ॅप अक्षरांचे आकार काढतात, शब्द नाही, आणि देवनागरी अक्षरे तर अनेकदा निरर्थक नक्षी होऊन बसतात. तिथेही उपाय तोच, मास्कने मूळ अक्षरे परत आणायची.

फाइल जपतानाही थोडी शिस्त लागते. मूळ स्कॅनला कधीही हात लावू नये. लेयर असलेली फाइल वेगळी ठेवावी आणि छपाईसाठी एकदाच जेपेग तयार करावी, कारण जेपेग पुन्हा पुन्हा उघडून जतन केली की प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो. फाइलच्या नावात ‘मूळ’ आणि ‘दुरुस्त’ असे स्पष्ट लिहिले, तर दहा वर्षांनी फोटो उघडणाऱ्याला खरा कोणता ते कळेल. मोठी फ्रेम करण्याआधी पोस्टकार्ड आकाराची एक स्वस्त प्रिंट काढून पाहावी आणि हात मूळ फोटोशेजारी ठेवून जुळवावा. पडद्यावर नजरेतून सुटलेले बोट कागदावर लगेच सापडते.